हिमायतनगरची तीन बिलं

लग्न होऊन मी नांदेडला आले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सासऱ्यांनी मला कारखान्यात बसवलं. मी बी.कॉम. झालेली आणि त्यांना हिशेबाला घरचं माणूस हवं होतं. त्यांना मी मामा म्हणते. आमचा कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. दोन प्रेस, पत्रा वाकवायचं एक यंत्र, वेल्डिंगची जागा आणि मागच्या अंगाला पावडर कोटिंगची भट्टी. शाळेची बाकडी, कपाटं, फायलींचे रॅक असा माल बनतो. कोपऱ्यात काचेची एक केबिन होती. तिच्यात मामांची खुर्ची पुढं आणि माझं टेबल भिंतीला लागून मागं. मला बाहेर पडायचं असलं की मामांना खुर्ची ओढून घ्यावी लागे. त्यामुळं मी शक्यतो बाहेर पडतच नसे.

माझं माहेर भैंशाचं. नांदेडहून भोकरवरून जाऊन हद्द ओलांडली की आलंच. तेलंगणात असलं तरी आमच्या गल्लीत मराठीच चालते. तिथं माझ्या मोठ्या भावाचं फर्निचरचं दुकान आहे. लग्नाआधी दोन्ही घरांची ओळख झाली ती याच धंद्यातून. दादा मामांकडून कपाटं न्यायचा. त्याचा टेम्पो यायचा, माल भैंशाला जायचा, बिलावर आयजीएसटीची, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराची, एकच ओळ असायची. त्यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी थंडीच्या अखेरीस दादाला हिमायतनगरच्या एका शाळेची ऑर्डर मिळाली. बाकडी आणि चार कपाटं. संस्थेचे चालक त्याच्या ओळखीचे. दादानं मामांना फोन केला, "मामा, माल तुम्ही बनवा. भैंशाला आणून परत हिमायतनगरला नेण्यात डिझेल जाळायचं कशाला? तुमच्या टेम्पोनं सरळ शाळेत उतरवा. बिल माझ्या दुकानाच्या नावानं करा, शाळेला मी माझं बिल देतो."

मामा खूश झाले. मोसम संपत आला होता आणि हातात काम नव्हतं.

पहिली खेप भरली तेव्हा मी बिल काढलं. दादाच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक छत्तीसनं सुरू होतो, तो आकडा तेलंगणाचा. आपला सत्तावीसनं, महाराष्ट्राचा. क्रमांक टाकला की सॉफ्टवेअर आपोआप पुरवठ्याचं ठिकाण तेलंगणा धरायचं आणि अठरा टक्के आयजीएसटी लावायचं. मामांनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय लावलं? आयजीएसटी कशाला?"

"दादाचं दुकान तेलंगणात आहे ना, मामा."

"दुकान राहू दे. माल कुठं उतरून राहिला?"

"हिमायतनगरला."

"हिमायतनगर कोण्या जिल्ह्यात येतं?"

"नांदेड."

"मग? टेम्पो हद्द वलांडून चाललाय का? नांदेडातून निघणार, नांदेडातच उतरणार. हे लोकल बिल झालं. नऊ टक्के केंद्राचा, नऊ टक्के राज्याचा. बेरीज तीच हाय, पर ज्याचं त्याला गेलं पायजे."

त्यांचं म्हणणं ऐकताना मला ते बरोबरच वाटत होतं. तरी मी म्हटलं, "एकदा लातूरला विचारून घ्यायचं का?" आमचे सीए लातूरला बसतात, मामांचा धंदा तिथूनच सुरू झाला, म्हणून ते संबंध तसेच राहिले. मामा हसले. "बाकड्याच्या बिलासाठी लातूर गाठायचं व्हय?"

मी पुरवठ्याच्या ठिकाणी महाराष्ट्र निवडलं. आयजीएसटीची ओळ गेली, तिच्या जागी सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी आल्या. माल तीन खेपांत गेला आणि तीन बिलं झाली. एकही बिल ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागण्याइतकं मोठं नव्हतं, म्हणून रस्त्यातही कुणी हटकलं नाही. कर भरला, विवरणं गेली आणि आम्ही विसरलो.

उन्हाळ्यात दादाचा फोन आला. त्याच्या वकिलानं वर्षाचा ताळा घेताना तिन्ही बिलं बाजूला काढली होती.

"बाई, तुम्ही बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावला. मला त्याचं क्रेडिट मिळत नाही, तुम्हाला दिलेला कर माझ्या करातून वजा होत नाही. मी तेलंगणातला. पोर्टलवरच येऊन राहिलंय, क्रेडिट उपलब्ध नाही म्हणून. शाळेला मी दिलेल्या बिलावर मात्र आयजीएसटी पूर्ण भरलाय, खिशातून. बिलं दुरुस्त करायला सांग मामांना."

"तू सांग ना त्यांना."

"मी सांगितलं. ते म्हणाले, माल हिमायतनगरला गेला, बिल बरोबर आहे. आता तूच समजाव."

त्यानं माझ्याकडं काम सोपवलं आणि मालाच्या शेवटच्या हप्त्यातून कराची रक्कम अडवून ठेवली. मामांच्या लक्षात आलं तेव्हा मी केबिनमध्येच होते.

"तुझ्या भावानं पैसे कापले," ते म्हणाले. तोपर्यंत तो त्यांच्यासाठी कधी 'तुझा भाऊ' नव्हता, त्याला ते नावानं हाक मारायचे.

"तो म्हणतो, बिलं बदलली की लगेच देतो."

"मी सरकारला भरले ते कोण देणार? पुन्यांदा आयजीएसटी भरायचा, अन् पैला भरलेला परत मागत बसायचा? व्हॅटच्या काळात एक परतावा मागितला व्हता मी. चपला झिजल्या. पैसे आले तवर धंद्यात दुसराच माल चालू झाला व्हता. न्हाई. आपून चुकलो न्हाई."

मामा वाईट माणूस नाहीत. पावसाळ्यात काम नसलं तरी कामगारांची हजेरी ते कधी बुडवत नाहीत. पण त्यांच्या मनात एकदा एखादी गोष्ट बसली की ती तिथंच राहते. माझ्या हातात काही नव्हतं. विवरण मी भरत असले तरी ते दाखल करायला जो ओटीपी लागतो तो मामांच्या मोबाइलवर येतो, कारण मालक ते. तो आकडा त्यांनी सांगितल्याशिवाय एक ओळही पुढं सरकत नाही.

मग पावसाळाभर ते चाललं. दोघांनाही एकमेकांचे नंबर पाठ होते, तरी सगळे निरोप माझ्या तोंडून जायचे. दादा दुपारी फोन करायचा, कारण तेव्हा मामा जेवायला घरी जातात हे त्याला ठाऊक होतं. "बोललीस का?" एवढंच विचारायचा. मामा परत आले की माझ्या चेहऱ्याकडं बघून विचारायचे, "काय म्हणतो?" मी एकाला सांगताना दुसऱ्याचे शब्द जरा मऊ करून सांगायचे. थोड्या दिवसांनी दोघांनाही ते कळलं. दादा म्हणाला, "तू मला त्यांचं खरं सांगत नाहीस." मामा म्हणाले, "तू तिकडचं इकडं येऊ देत न्हाईस." म्हणजे दोघांच्या लेखी मी दुसऱ्याच्या बाजूची झाले.

एकदा मी यांना, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "अहो, तुम्ही तरी बोला." हे भट्टीवर काम बघतात, बापाशी कमीच बोलतात. हात पुसत म्हणाले, "तू मधी पडू नको."

"मी मधीच आहे," मी म्हटलं. "कुठं जाऊ तेवढं सांगा."

त्यांनी चहा घेतला आणि पुन्हा भट्टीकडं गेले.

भाऊबीजेला मी भैंशाला गेले. निघताना मामा म्हणाले, "येताना अडकवलेलं घेऊन ये." घरी पोचले तर दादा दारातच. "बिलं आणलीस का बदलून?" वहिनी त्याच्यावर रागावली, "आधी पाणी तरी घेऊ द्या त्यांना." ओवाळून झालं. दादानं ताटात साडी ठेवली, माझ्या पायाला हात लावायला माझ्या भाच्याला पुढं केलं, आणि लगेच लॅपटॉप उघडला. पडद्यावर आमच्या कारखान्याचं नाव, तीन ओळी आणि त्यांच्यापुढं एकच शेरा : क्रेडिट उपलब्ध नाही.

"कारणही देऊन राहिलेत बघ. पुरवठा करणारा महाराष्ट्रातला, पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, घेणारा दुसऱ्या राज्यातला. आता ऐक. गेल्या वर्षाचं क्रेडिट घ्यायची मुदत या नोव्हेंबरअखेर संपते. पण मला ते माझ्या ऑक्टोबरच्या विवरणात दिसायला हवं असेल, तर तुमची दुरुस्ती अकरा तारखेच्या आत जायला पाहिजे. त्यानंतर गेली तर ती माझ्याकडं डिसेंबरात दिसेल. तेव्हा तिचा उपयोग शून्य."

"मी मामांना सांगते."

"सांगते, सांगते. सहा महिने झाले. त्या घरात तुझं काहीच चालत नाही का?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, भाऊ-बहिणीत बिलं कशाला आणता सणाच्या दिवशी?" दादानं लॅपटॉप मिटला. पण तो प्रश्न त्यानं आईच्या, वहिनीच्या, भाच्याच्या देखत विचारला होता, आणि त्याचं खरं उत्तर 'नाही' हेच होतं. परतीच्या बसमध्ये भोकरपर्यंत मी ती साडी पिशवीतून काढून घडी बदलत बसले. मला काय करावं तेच सुचत नव्हतं.

घरी आल्यावर मी मामांना एवढंच म्हटलं, "पैसे नाही आणले. एकदा लातूरला चला. ते सांगतील ते दादालाही ऐकावं लागेल आणि आपल्यालाही."

मामा लगेच तयार झाले. सीए आपल्या बाजूनं बोलणार याची त्यांना खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. अहमदपूरला मामांनी मला भजी घेऊन दिली. ते चांगल्या लहरीत होते. "आता तुझ्या भावाला कळंल कायदा काय असतो ते," म्हणाले.

सीए साहेबांनी तिन्ही बिलं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. मग विचारलं, "ऑर्डर कुणी दिली?"

"हिच्या भावानं."

"शाळेनं तुम्हाला काही ऑर्डर दिली? शाळेकडून तुम्ही पैसे घेणार होता?"

"न्हाई. शाळेशी आपला संबंध न्हाई. आपून निस्ता माल उतरवला."

"कुणाच्या सांगण्यावरून उतरवला?"

"त्याच्याच."

साहेबांनी खुर्चीला पाठ टेकली. "काका, मग हे आयजीएसटीचं बिल होतं."

मामांनी पहिल्या बिलावर बोट ठेवलं. "टेम्पो हद्द वलांडला न्हाई, साहेब."

"टेम्पो कुठं जातो ते एरवी बघतात. साधी विक्री असली की माल शेवटी जिथं पोचतो ते पुरवठ्याचं ठिकाण. तुमच्या टेम्पोनं जावो की गिऱ्हाइकाच्या. भैंशाला गेला तर तेलंगणा, हिमायतनगरच्या शाळेनं स्वतः मागवला असता तर महाराष्ट्र. पण इथं तिसरा माणूस आहे. त्यानं सांगितलं म्हणून तुम्ही माल दुसऱ्याच्या दारात उतरवला. अशा वेळी कायदा धरून चालतो की माल त्या सांगणाऱ्यालाच मिळाला. आणि ठिकाण म्हणजे त्याच्या धंद्याची मुख्य जागा. ती भैंशाला. तुम्ही महाराष्ट्रात, तो तेलंगणात, म्हणून आंतरराज्य."

"म्हणजे माल न जाताच गेला?"

"कायद्यानं गेला. तिथून तो शाळेला विकला गेला. त्याची शाळेची विक्री वेगळी, तिथं मात्र माल हिमायतनगरला पोचला म्हणून ठिकाण महाराष्ट्र. तो तेलंगणातला, म्हणून त्यानंही आयजीएसटी लावला. त्यानं बरोबर केलंय."

मग मामांनी खालच्या आवाजात विचारलं, "आता?"

"या विवरणात तिन्ही बिलं दुरुस्त करा, ठिकाण तेलंगणा. आयजीएसटी भरा. त्यावर व्याज लागत नाही, तसं कायद्यातच आहे. आधी भरलेले सीजीएसटी-एसजीएसटी परत मागायचे. आयजीएसटी भरला त्या दिवसापासून दोन वर्षं मुदत असते, अर्ज मी करून देतो."

"तेच पैसे इकडून तिकडं वळते न्हाई का व्हत?"

"नाही. चुकीच्या खात्यात भरलं ते वेगळं, आता भरायचं ते वेगळं. पण पत्र्याच्या खरेदीचं क्रेडिट तुमच्या खात्यात पडून असेल, ते आयजीएसटीला वापरता येतं. बराचसा भाग त्यातूनच भागेल."

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले. चाकूर मागं पडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला आधीच म्हाईत व्हतं?"

दोन्ही उत्तरं माझ्याच अंगावर येणारी होती. हो म्हटलं तर मग हट्ट का धरला नाहीस. नाही म्हटलं तर मग हिशेबाला कशाला बसतेस. मी म्हटलं, "सॉफ्टवेअरनं आयजीएसटी दाखवला होता, एवढंच माहीत होतं. का दाखवला ते नव्हतं माहीत."

"मग सांगायचं नव्हतं का?"

"सांगितलं होतं, मामा."

ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं होतं, लातूरला एकदा निकाल लागला की मी सुटेन. तसं झालं नाही. उलट आता मामा हरले होते आणि ते हरताना समोर मी बसलेली होते.

पुढचे दिवस त्यांनी तो विषयच काढला नाही. मी विवरणात तिन्ही बिलांची दुरुस्ती टाकून ठेवली; फक्त दाखल करायचं राहिलं. मी विचारलं की म्हणायचे, "आधी त्याला अडकवलेले टाकू दे." दादाला सांगितलं तर तो म्हणायचा, "आधी दुरुस्ती दिसू दे." दोघांचंही बरोबर होतं. अकरा तारीख आली. सकाळी दादाचा फोन आला, दुपारी आला, संध्याकाळी आलाच नाही. त्या न आलेल्या फोननं मला जास्त भीती वाटली.

कामगार हातपाय धुवून निघाले होते. मामा खुर्चीतून उठायच्या बेतात होते. मी म्हटलं, "मामा, आज शेवटचा दिवस. क्रेडिट लावून बघितलं, रोख फार भरावी लागत नाही. आकडे पडद्यावर आहेत, एकदा बघा तरी."

"बघायचं काय त्यात?"

"मग ओटीपी द्या. दादानं पैसे दिले नाहीत तर मी स्वतः भैंशाला जाऊन बसेन, घेतल्याशिवाय येणार नाही."

ते उठले. मग खिशातून मोबाइल काढून माझ्या टेबलावर ठेवला. "घे. पर एक सांगतो. यापुढं तुझ्या भावाचा माल इथं बनणार न्हाई. ना भैंशाचा, ना आणखी कुठला. हे तू त्याला सांगायचं, मी न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मोबाइल समोर होता. आकडा टाकला तर माहेरचा व्यवहार माझ्याच हातानं बंद होणार होता. न टाकावा, तर दादाचं क्रेडिट कायमचं बुडालं असतं. मी बटण दाबलं. मोबाइल वाजला. सहा आकडे टाकले आणि विवरण दाखल झालं. मामा तोवर मोबाइल घ्यायला थांबले, घेतला आणि निघून गेले.

चौदा तारखेला दादाच्या पोर्टलवर दुरुस्त बिलं दिसली. त्याच दिवशी त्यानं अडवलेली सगळी रक्कम पाठवली. मी फोन करून मामांचा निरोप सांगितला. या वेळी काही मऊ केलं नाही, जसा होता तसा सांगितला. तो म्हणाला, "बरं. निजामाबादला कपाटं मिळतात." आणि मग, "तुझी तब्येत कशी आहे?" असं विचारलं. सहा महिन्यांत त्यानं पहिल्यांदाच ते विचारलं होतं. मी 'बरी आहे' एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

परताव्याचा अर्ज गेला. आधी त्रुटी निघाली, एक कागद कमी होता, पुन्हा दिला. उन्हाळा लागता लागता दोन्ही करांचे पैसे मामांच्या बँकेत जमा झाले. मामांनी तो संदेश मला दाखवला. "आले," म्हणाले. आवाजात समाधान होतं की अजून राग, मला कळलं नाही. भावाच्या मालाबद्दलचं बोलणं मात्र त्यांनी मागं घेतलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता उदगीर-देगलूरकडून कर्नाटकातल्या बिदरचे व्यापारी आले की मामा बिलाआधी मला विचारतात, "बिल कुणाच्या नावानं, माल कुणाच्या सांगण्यावरून कुठं चाललाय, सगळं इचारलंस ना?" मी हो म्हणते. लोक म्हणतात, सासऱ्यांनी तुझ्यावर किती सोपवलंय. मी पुढचं बिल काढायला घेते.

यंदा राखीला दादा आमच्याकडं आला होता. मामांनी त्याला बैठकीत बसवलं. दोघं सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले, भोकरच्या रस्त्याबद्दल बोलले, दादाच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलले. बाकड्यांचं नाव कुणी काढलं नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दोघांच्या मध्ये उभी होते आणि आधी कुणापुढं धरावा हे मला कळत नव्हतं. शेवटी मामाच म्हणाले, "पाहुण्याला दे आधी." मी दादापुढं ट्रे धरला. त्यानं कप उचलला, बशी तशीच राहू दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "साखर कमी घालायला लागलीस."